खाजनावरचे पुस्तक आणि प्रस्तावाचे पहिले पान

प्रकाशकाकडे पुस्तकाचा प्रस्ताव पाठवताना लेखक सहसा चार गोष्टी जोडतो: पुस्तकाची ओळख करून देणारे एक पान, प्रकरणवार आराखडा, एक नमुना प्रकरण आणि स्वतःचा परिचय. शेवटच्या तिन्ही गोष्टी नंतर वाचल्या जातात आणि पहिल्या पानाने काही सांगितलेच नसेल, तर बहुधा वाचल्याही जात नाहीत. त्या पानाकडून प्रकाशकाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. हे पुस्तक पैसे देऊन कोण घेईल, त्या माणसाला त्याची गरज का पडेल आणि आज त्याच्या हाताशी जे काही आहे त्यात नसलेले असे या पुस्तकात काय आहे. हे तिन्ही प्रश्न साधे आहेत, तरी प्रत्यक्षात आलेल्या प्रस्तावांत त्यांच्या जागी विषयाचे माहात्म्यच अधिक वाचायला मिळते. हे कसे घडते आणि दुरुस्त कसे करता येते, ते एक प्रस्ताव समोर ठेवून पाहू. प्रस्ताव कल्पित आहे, पण त्याचा विषय गोव्याचा आहे आणि खरा आहे.

समजा, तिसवाडीतील एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याने खाजन शेतीवर मराठी पुस्तक लिहायचे ठरवले आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की, मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठची जी सखल जमीन भरतीच्या पाण्याखाली जाईल, ती बांध घालून शेतीखाली आणलेली असते. तिला खाजन म्हणतात. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याच्या ये-जा करण्याची वाट आणि तिला बसवलेली लाकडी दारे. भरतीला खाडीचे पाणी बाहेरून दारांवर दाब देते आणि ती मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की खारेपणा सोसणारे कोरगुट भात तिथे घेतले जाते. आपल्या लेखकाने नोकरीची बरीच वर्षे या बांधांच्या दुरुस्तीच्या कामांवर घालवली आहेत. त्याने लिहिलेला पहिला मजकूर असा आहे:

«गोव्याला निसर्गाने भरभरून दिले आहे. आपल्या पूर्वजांनी अपार कष्टाने उभी केलेली खाजन शेती हा गोमंतकीय संस्कृतीचा अमूल्य ठेवा असून आज तो नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. प्रस्तुत पुस्तकात या विषयाचा सर्वांगीण व सखोल आढावा घेण्यात आला आहे. शेतकरी, विद्यार्थी, संशोधक, पर्यावरणप्रेमी, पर्यटक तसेच सर्वसामान्य वाचक अशा सर्वांनाच हे पुस्तक उपयुक्त ठरेल. मराठीत या विषयावर असे पुस्तक आजवर आलेले नाही.»

या मजकुरात व्याकरणाची चूक नाही आणि कळकळही खरी आहे. तरीही तो वाचून प्रकाशकाच्या हाती काहीच लागत नाही. याची एक सोपी तपासणी आहे. «खाजन शेती» हे शब्द काढून तिथे «घुमट», «देवराई» किंवा «मंदिरांचे वास्तुशिल्प» असे काहीही घालून पाहावे. प्रत्येक वाक्य जसेच्या तसे चालते. ज्या वाक्यात विषय बदलला तरी काही अडत नाही, त्या वाक्याने विषयाबद्दल काहीच सांगितलेले नसते. या कसोटीवर वरच्या पाचही वाक्यांपैकी एकही टिकत नाही. लेखक बांधावर उभा राहून जे पाहत आला, ते या मजकुरात कुठेच उतरलेले नाही.

आता वाचकवर्गाकडे वळू, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. सहा प्रकारच्या वाचकांची यादी देऊन लेखकाला वाटते की त्याने बाजारपेठ मोठी दाखवली. प्रकाशक मात्र तीच यादी उलट बाजूने वाचतो. विद्यार्थ्याला परीक्षेला उपयोगी पडेल अशी मांडणी लागते, संशोधकाला संदर्भ आणि मूळ कागदपत्रे लागतात, शेतकऱ्याला बांधाचे काम आणि कायदा समजून घ्यायचा असतो, पर्यटकाला रंगीत छायाचित्रे आणि थोडका मजकूर हवा असतो, तोही बहुधा मराठीत नको असतो. या सर्वांचे समाधान करणारे एकच पुस्तक निघत नाही. त्यामुळे ही यादी वाचणाऱ्याला एवढेच कळते की लेखकाने अजून निवड केलेली नाही. (यादीत «पर्यटक» दिसले की मला स्वतःला तर प्रस्ताव घाईत लिहिला गेल्याचीच शंका येते.)

निवड करायची ती पुस्तक वाचून काही करू पाहणाऱ्या माणसापासून सुरुवात करून. खाजनाच्या बाबतीत असा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने गोव्यातील कसणाऱ्या कुळांना जमिनीवर हक्क मिळाला. त्याबरोबर बांध आणि मानस यांची निगा राखण्याची सामायिक जबाबदारीही कुळांवर आली आणि ती पार पाडण्यासाठी १९७५ च्या नियमांखाली कूळ संघ उभे राहिले. पूर्वी हे काम गावकरी म्हणजेच कोमुनिदाद, ही गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, पाहत असे. आज ज्यांचे आजोबा कूळ होते अशा घरांतली मुले पणजीत किंवा वेर्ण्याला नोकरीला जातात. सात-बाराच्या तोडीच्या कागदावर, म्हणजे गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, घरच्यांचे नाव असते, संघाच्या बैठकीची नोटीस घरी येते, मानशीच्या पावणीवरून, म्हणजे तिथे मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावावरून, गावात वाद चाललेला कानावर येतो, पण हे सगळे काय आहे ते सांगणारे माणूस घरात राहिलेले नसते. हा वाचक आहे. त्याला नाव देता येते, तो कुठे राहतो ते सांगता येते आणि त्याच्यापर्यंत पोहोचायची वाटही दाखवता येते, ती म्हणजे कूळ संघ, पंचायत आणि गावचे वाचनालय.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती प्रस्तावात लपवू नये. पुण्या-मुंबईचा प्रकाशक गोव्याशी थोडाफार परिचित असेल तर तो विचारणारच की, खाजनकाठचा वाचक मराठी वाचतो का? खाजने मुख्यतः तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा या तालुक्यांत आहेत. सासष्टीत आणि बार्देशच्या बऱ्याच भागांत कुळांची अनेक घरे ख्रिस्ती आहेत. ती रोमी लिपीतली कोकणी वाचतात किंवा इंग्रजी वाचतात, आणि मराठी पुस्तक त्यांच्या हाती जाणार नाही. तिसवाडीची बेटे आणि फोंडा इथे मात्र घरात कोकणी बोलणारे पुष्कळ लोक वर्तमानपत्र मराठी वाचतात. प्रस्तावात हे एका वाक्यात कबूल केले, तर उरलेल्या दाव्यावर विश्वास बसतो. न सांगता «संपूर्ण गोव्यातील खाजन शेतकरी» असे लिहिले, तर ज्याला परिस्थिती माहीत आहे तो संपूर्ण पानाकडेच संशयाने पाहू लागतो.

मग हा वाचकवर्ग फार लहान पडतो का? मराठीत अशा विषयाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते, म्हणून निवडलेला वाचक लाखांत मोजता आला नाही तरी चालते. पण तेवढ्या प्रती खपतील याचा अंदाज बांधता यायला हवा. या पुस्तकाला दुसरा वाचकवर्गही आहे आणि तो लेखकाला पहिल्या मसुद्यात सुचलाच नव्हता. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खारभूमी आहे, पेण-अलिबागच्या खारेपाटात बांध आणि उघाड्या म्हणजे मानशीसारखी पाण्याची दारे आहेत, महाराष्ट्राचा १९७९ चा खारभूमी विकास कायदा आहे आणि तिथला शेतकरी मराठीच वाचतो. मात्र हा वाचक प्रस्तावात घ्यायचा असेल तर त्याच्यासाठी पुस्तकात काहीतरी असले पाहिजे. गोव्यातले कूळ संघ आणि कोकणातली सरकारी खारभूमी योजना यांची रचना वेगळी आहे. तेव्हा दोन्हींची तुलना करणारे एक प्रकरण आराखड्यात वाढवावे, नाहीतर खारेपाटाचे नाव घेऊ नये. वाचकवर्गाचा दावा खरा आहे की केवळ ठेवून दिलेला आहे, हे आराखड्याशी ताडून पाहिले की लगेच कळते.

गरजेच्या बाबतीत होणारी गल्लत अधिक सूक्ष्म आहे. «खाजन नामशेष होत आहे» हे विधान खाजनाबद्दलचे आहे. त्यातून पुस्तकाची गरज सिद्ध होत नाही. नामशेष होणाऱ्या कितीतरी गोष्टींवर पुस्तके निघतात आणि गोदामात पडून राहतात. गरज वाचकाच्या बाजूने मांडावी लागते: तो आज कुठे अडतो, अडल्यावर काय करतो आणि त्याने काम का भागत नाही. आपल्या लेखकाकडे याचे उत्तर तयार होते, फक्त ते कागदावर आलेले नव्हते. «लोक तुम्हाला काय विचारायला येतात?» असे विचारल्यावर त्याने जे सांगितले ते साधारण असे. बांधाच्या आतल्या उतारावर भरतीच्या वेळी ओल दिसते, पण ओहोटीला जागा कोरडी असते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ते खेकड्याचे बीळ असते, आणि तिथूनच पुढे बांध फुटतो. बांध फुटल्यावर संघाने करायचे की सरकारने, यावर दिवस जातात आणि खारे पाणी आत राहते. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीने दिला जातो आणि त्या उत्पन्नातून निगा राखली जावी अशी अपेक्षा असते. पण ज्याने पावणी घेतली त्याला मासळीसाठी खारे पाणी आत हवे असते, म्हणून दारे नको तेव्हा उघडी राहतात आणि भात कसणाऱ्याचे नुकसान होते. अशा वेळी तक्रार कोणाकडे न्यायची, संघाच्या घटनेत काय लिहिले आहे, मामलेदाराचा अधिकार कुठवर आहे, हे लोकांना ठाऊक नसते. नियमांचा मजकूर इंग्रजीत असतो आणि जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये.

हा परिच्छेद म्हणजेच पुस्तकाची गरज. त्यात नाश, ठेवा, पूर्वज यांपैकी एकही शब्द नाही, तरीही खाजन का संकटात आहे ते वाचणाऱ्याला अधिक स्पष्ट कळते.

वेगळेपणाविषयी बोलताना पहिल्या मसुद्यातले शेवटचे वाक्य आधी काढून टाकावे. «मराठीत या विषयावर असे पुस्तक आलेले नाही» हे वाचल्यावर अनुभवी संपादकाच्या मनात दोन शंका येतात: लेखकाने शोध घेतलेला नाही, किंवा शोध घेतला आणि पुस्तक नाही याचे कारण म्हणजे घेणारेच नाहीत. दोन्ही शंका लेखकाच्या विरोधात जातात. त्याऐवजी शोध खरोखर घ्यावा. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे, तिथे गोव्याविषयीच्या ग्रंथांचे दालन आहे, आणि खाजनावर इंग्रजी, पोर्तुगीज, कोकणी व मराठी अशा चारही भाषांत काय लिहिले गेले ते तिथे पाहता येते. कोणी काय लिहिले याची जंत्री प्रस्तावात द्यायची नसते. त्यातले वाचकाच्या उपयोगाला सर्वांत जवळ येणारे तीन-चार ग्रंथ निवडून प्रत्येकाबद्दल दोन वाक्ये लिहावीत: एक, तो काय चांगले करतो, दुसरे, आपल्या वाचकाचे कोणते काम त्याने होत नाही. इथे इतरांना कमी लेखण्याची गरज नाही आणि ते शोभतही नाही. एखादा शास्त्रीय ग्रंथ मातीतल्या क्षारांचे मोजमाप उत्तम देत असेल, एखादा इतिहासग्रंथ गावकरीची व्यवस्था बारकाईने सांगत असेल. पण ज्याचा बांध आज पाझरतो आहे तो या दोन्हींपैकी कोणताही उघडणार नाही, एवढेच म्हणायचे असते.

वेगळेपणाचे म्हणणे पडताळून पाहता येईल असेच लिहावे. «सखोल», «साध्या सोप्या भाषेत», «ओघवती शैली» ही विशेषणे प्रकाशकाला पडताळता येत नाहीत. त्यांचा निकाल वाचक देतो. «एका बांधाच्या दुरुस्तीचे काम सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत चित्रांसह दाखवले आहे», «मानशीच्या दारांच्या जोडणीचे मापांसह रेखाचित्र आहे», «कूळ संघाला लागणाऱ्या अर्जांचे मराठी नमुने आहेत» ही म्हणणी मात्र आराखडा आणि नमुना प्रकरण पाहून खरी-खोटी ठरवता येतात. शिवाय ती या लेखकालाच करता येतात, कारण दुरुस्तीच्या कामांवर तो स्वतः हजर होता. लेखकाचा परिचय वेगळ्या पानावर असला तरी त्याच्या अनुभवाचा पुस्तकाशी असलेला दुवा या पहिल्या पानावरच दिसावा.

या सगळ्या विचारानंतर तयार झालेला मजकूर असा:

«तिसवाडी, फोंडा आणि बार्देश तालुक्यांतील खाजनकाठच्या गावांत आज अशी अनेक घरे आहेत की ज्यांच्या नावावर शेत आहे, ज्यांना कूळ संघाची नोटीस येते, पण बांध आणि मानस यांचे काम ज्याला कळते असा माणूस घरात उरलेला नाही. हे पुस्तक त्या घरांतल्या मराठी वाचणाऱ्या पिढीसाठी आहे. बांध पाझरू लागला तर तो कसा ओळखावा, फुटला तर पहिल्या भरतीपूर्वी काय करावे, पावणीचे पैसे कशासाठी असतात आणि वाद झाल्यास कोणाकडे जावे, हे त्यात रेखाचित्रे आणि अर्जांचे नमुने देऊन सांगितले आहे. या विषयावर उपलब्ध असलेले लेखन मुख्यतः शास्त्रीय किंवा ऐतिहासिक आहे. मी कृषी खात्यात असताना ज्या दुरुस्त्या पाहिल्या आणि करून घेतल्या, त्यांच्यावर हे पुस्तक उभे आहे. शेवटच्या प्रकरणात कोकणातील खारभूमीशी तुलना आहे, त्यामुळे रायगड आणि सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. रोमी कोकणी वाचणाऱ्या सासष्टीतील कुळांपर्यंत ही आवृत्ती पोहोचणार नाही, याची मला जाणीव आहे.»

पहिल्या मजकुरापेक्षा हा मोठा आहे आणि तरीही लवकर कळतो. «खाजन» काढून तिथे «घुमट» घालून पाहिले तर पहिल्याच वाक्यात गाडी अडते. माझ्या मते यातले सर्वांत उपयोगाचे शब्द «पहिल्या भरतीपूर्वी» हे आहेत. बांध फुटल्यावर हाताशी किती वेळ असतो हे ज्याला माहीत आहे, तोच ते लिहू शकतो. आणि प्रकाशकाला खाजनाची काही माहिती नसली तरी या माणसाला ती आहे, हे त्याला तेवढ्यावरून उमगते.

पान बदलले की आराखडाही बदलावा लागतो, आणि लेखकाला हे बहुधा नकोसे वाटते. आपल्या लेखकाच्या मूळ आराखड्यात गोव्याचा भूगोल, प्राचीन इतिहास, गावकरीची व्यवस्था, पोर्तुगीज राजवट आणि खारफुटीचे जीवशास्त्र ही पहिली पाच प्रकरणे होती आणि बांधाची दुरुस्ती आठव्या प्रकरणात येत होती. ज्याच्यासाठी पुस्तक आहे असे पहिले पान म्हणते, त्याला आपल्या कामाचा मजकूर अर्धे पुस्तक उलटून गेल्यावर मिळणार होता. नव्या आराखड्यात ओळीने पाझर, फूट, मानस, पावणी आणि कूळ संघ येतात. इतिहास जिथे संघाची रचना समजायला लागतो तेवढाच, त्या प्रकरणात येतो. उरलेल्या इतिहासाचे वेगळे पुस्तक होऊ शकेल. ते याच पुस्तकात कोंबले तर पाने वाढतात, किंमत वाढते, आणि निवडलेला वाचक किमतीकडे पाहून पुस्तक परत ठेवतो.

पुस्तकाचे बाह्यरूपही याच निवडीतून ठरते. रंगीत छायाचित्रांचा गुळगुळीत कागद पर्यटकाला लागला असता. इथे काळ्या शाईतली रेखाचित्रे अधिक उपयोगी आहेत, कारण मानशीच्या दाराची जोडणी छायाचित्रात चिखलामुळे दिसत नाही. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्मा धरला तर दहा फॉर्म्यांत म्हणजे १६० पानांत हा मजकूर बसतो. असा अंदाज लेखकाने स्वतः दिला, तर प्रकाशकाला निर्मितीखर्च काढणे सोपे जाते. अंतिम निर्णय अर्थातच प्रकाशकाचा असतो.

नमुना प्रकरण म्हणून पुष्कळ लेखक सवयीने पहिले प्रकरण किंवा प्रस्तावना पाठवतात. इथे फुटीचे प्रकरण पाठवावे, कारण पहिल्या पानाने ज्याचा शब्द दिला ते तिथेच पाहायला मिळते. ते अजून लिहून झाले नसेल, तर प्रस्ताव पाठवण्याची घाई करू नये. हस्तलिखित पूर्ण होण्याची तारीख देताना बांधाचे वेळापत्रक लक्षात ठेवावे: दुरुस्तीची कामे पावसाळ्याच्या तोंडावर होतात, चित्रांसाठी लागणारे टिपण तेव्हाच घेता येते आणि जून उजाडला की ते पुढच्या वर्षावर जाते. म्हणून हिवाळ्यात पाठवलेल्या प्रस्तावात «रेखाचित्रांसह पूर्ण मजकूर ऑगस्टपर्यंत» असे लिहिणे शक्य आहे. पावसाळ्यात पाठवलेल्या प्रस्तावात तीच तारीख पुढच्या वर्षाची द्यावी लागेल आणि ती का, हेही एका वाक्यात लिहावे.